उत्तर कुठे उघडणार, ते ठाऊक नसताना

समजा, एका ग्राहकानं कंपनीच्या मदत कक्षाला विचारलं, की माझे पैसे परत कधी मिळतील? तिथल्या एजंटनं ठळक मथळा, छोटासा तक्ता आणि खाली लिंक असं नेटकं उत्तर तयार करून पाठवलं. ग्राहकाच्या मोबाइलवर ते असं उमटलं:

```
**पैसे परत कधी मिळतील?**
| टप्पा | मुदत |
|---|---|
| अर्जाची तपासणी | २ दिवस |
| पैसे जमा | ५ दिवस |
[इथे अर्ज करा](https://example.com/refund)
```

माहिती सगळी बरोबर आहे, पण ग्राहकाला वाटतं, की काहीतरी बिघडलंय. अशा वेळी सपोर्ट टीमचा प्रमुख जे अंतर्गत परिपत्रक काढतो, त्याचा विषय वरवर किरकोळ दिसतो: ग्राहक उत्तर कशावर वाचणार हे माहीत नसेल, तर ते कसं लिहायचं?

मुळात ते माहीत का नसतं? अनेक मदत कक्षांत ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप, संकेतस्थळावरची चॅट आणि अ‍ॅपमधले संदेश एकाच यादीत येऊन पडतात आणि एजंटसमोर लिहिण्यासाठी एकच चौकट असते. चॅटवर सुरू झालेलं संभाषण ग्राहकानं खिडकी बंद केली की ईमेलवर जातं. शिवाय नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवलेली असतात. ती लिहिणाऱ्याला पुढे ती कुणाला आणि कुठून जाणार, याची कल्पनाच नसते.

वरच्या उत्तरातल्या खुणा मार्कडाउन नावाच्या लेखनपद्धतीतल्या आहेत. जॉन ग्रुबर यांनी २००४ साली ती मांडली. तिच्यात शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन स्टार दिले की तो ठळक होतो, एकेक दिला की तिरपा. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र एकाच स्टारनं शब्द ठळक होतो. साध्या एसएमएसमध्ये स्टार हा नुसता स्टार. म्हणजे एकाच खुणेचे तीन ठिकाणी तीन परिणाम, आणि नेमका कुठला होणार हे एजंटच्या हातात नाही.

म्हणून परिपत्रकाचा पहिला नियम असा, की माध्यम अज्ञात असेल तर साधा मजकूर लिहायचा आणि खुणांचं काम वाक्यांकडून करून घ्यायचं. ठळक मथळ्याऐवजी पहिल्याच वाक्यात उत्तर द्यायचं. मोबाइलवरच्या सूचनेत किंवा ईमेलच्या यादीत बहुधा तेवढंच दिसतं, त्यामुळे ‘आपल्या संदेशाबद्दल मनःपूर्वक आभार’ अशी सुरुवात म्हणजे मोक्याची जागा वाया घालवणं. दोन-तीन ओळींचा तक्ता वाक्यांत सांगता येतो. मोठा तक्ता असेल तर तो संकेतस्थळावर ठेवून त्याचा पत्ता द्यावा. वरचं उत्तर मग असं होतं:

```
तुमचे १२५० रुपये खात्यात परत येतील.

अर्ज तपासायला २ दिवस लागतात आणि त्यानंतर ५ दिवसांत पैसे जमा होतात. अर्ज या पत्त्यावर करा:

https://example.com/refund
```

मधल्या रिकाम्या ओळी शोभेसाठी नाहीत. मार्कडाउनमध्ये नुसती ओळ बदलली तर दोन्ही ओळी अनेकदा एकमेकींना चिकटतात. पूर्ण ओळ रिकामी सोडली तर परिच्छेद टिकतो. पायऱ्या सांगायच्या असतील तर प्रत्येकीची सुरुवात ‘आधी’, ‘त्यानंतर’, ‘शेवटी’ अशा शब्दांनी करावी, म्हणजे सगळा मजकूर एका दमात वाहत आला तरी क्रम हरवत नाही. पत्ता वेगळ्या ओळीवर ठेवण्याचं कारण तर खास आपलं आहे. मराठीत ‘वर’, ‘ला’, ‘मध्ये’ शब्दाला जोडूनच येतात. पत्त्याला चिकटून ‘वर’ लिहिलं तर काही अ‍ॅप ती दोन अक्षरंही लिंकमध्ये ओढून घेतात आणि ग्राहकाला ‘पान सापडले नाही’ असा संदेश दिसतो.

एसएमएसची शक्यता असेल तर लांबीचाही हिशेब येतो. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षरं सात-सात बिटांत बसवली जातात, म्हणून ती १६० मावतात. देवनागरीच्या प्रत्येक खुणेला सोळा बिट लागतात, म्हणून मर्यादा ७० वर येते. इथे काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त यांचीही वेगळी मोजणी होते, म्हणजे ‘क्षि’ हे आपल्या लेखी एक अक्षर, पण एसएमएसच्या लेखी चार. संदेश लांबला की भाग जोडण्याची माहिती आत ठेवावी लागते आणि प्रत्येक भागात ६७ खुणाच उरतात. वरच्या उत्तराचं पहिलं वाक्य ३५ खुणांचं आहे, ते आरामात मावतं. पूर्ण उत्तर मात्र दीडशेच्या वर जातं, म्हणजे तीन एसएमएसचा खर्च.

गंमत अशी, की इंग्रजी संदेशही या सापळ्यात अडकतो. एसएमएसच्या मूळ अक्षरसंचात डॉलर आणि पौंड आहेत, पण २०१० साली स्वीकारलेलं रुपयाचं ₹ हे चिन्ह नाही. ते एकदा जरी आलं, तरी अख्खा संदेश सोळा बिटांत जातो आणि १६० ची मर्यादा ७० होते. भारतात व्यावसायिक एसएमएसचा साचा आधी नोंदवावा लागतो, त्यामुळे ही चूक एकदा साच्यात शिरली की प्रत्येक संदेशाबरोबर तिचे पैसे मोजावे लागतात. ‘रुपये’ किंवा Rs लिहिण्याचा नियम बाबूगिरीचा वाटतो, पण त्यामागे हा हिशेब आहे.

आतापर्यंतच्या चुका निदान दिसतात तरी. खरा धोका न दिसणाऱ्या चुकीत आहे. आधार क्रमांक बँक खात्याशी जोडला आहे का, हे तपासण्यासाठी मोबाइलवरून लावायचा एक क्रमांक ठरवलेला आहे:

```
*99*99#
```

हाच क्रमांक मार्कडाउन समजणाऱ्या चॅटमध्ये साध्या वाक्यात लिहिला, तर दोन्ही स्टार ‘तिरपं करा’ अशी आज्ञा समजून गिळले जातात आणि ग्राहकाला 9999# दिसतं, त्यातले पहिले दोन आकडे किंचित तिरपे. तो प्रामाणिकपणे तेच लावतो, काही घडत नाही आणि तो पुन्हा तक्रार करतो. एजंटला स्वतःच्या पडद्यावर क्रमांक बरोबर दिसत असल्यामुळे तो ग्राहकालाच चुकीचं ठरवतो. साध्या मजकुराचा नियम इथे अपुरा पडतो, कारण हे स्टार सजावटीचे नाहीत, क्रमांकाचाच भाग आहेत. मार्कडाउनमधली बचावाची खूण घातली तर तीच एसएमएसमध्ये जास्तीचं चिन्ह म्हणून दिसेल. म्हणून अशा ठिकाणी फोनवर सांगतात तसं लिहावं: ‘स्टार 99 स्टार 99 हॅश’. जरा बाळबोध दिसतं, पण कुठल्याही पडद्यावर शाबूत राहतं.

या नियमांची परीक्षा घेणं सोपं आहे. तयार उत्तर स्वतःलाच ईमेल, चॅट आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं आणि प्रत्येक ठिकाणी लिंक दाबून, क्रमांक लावून पाहायचं. ते काम एजंटच्या संगणकावर नव्हे, साध्या मोबाइलवर करावं. माध्यम नक्की माहीत असेल, तर मात्र हा सगळा संयम अनाठायी आहे. ईमेलवरच जाणाऱ्या उत्तरात तक्ता खुशाल द्यावा. काही टीम एकसारखेपणाच्या हौसेपोटी तिथेही कोरडा मजकूर पाठवतात, तो अतिरेक झाला.

ग्राहकालाही एक गोष्ट करता येते. स्टार आणि कंसांनी भरलेलं उत्तर आलं, किंवा सांगितलेला क्रमांक लागला नाही, तर नुसतं ‘चालत नाही’ असं न कळवता आपण ते कुठल्या अ‍ॅपमध्ये वाचलं हे लिहावं, आणि जमल्यास पडद्याचा फोटोही जोडावा.