राजीनामा स्वीकारल्याचे पत्र: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कर्मचाऱ्याने राजीनामा दिल्यावर त्याच्या वरिष्ठाने पाठवायच्या लेखी उत्तराला राजीनामा स्वीकृतिपत्र म्हणतात, आणि बहुतेक कार्यालयांत ते जुन्या पत्राची नक्कल करून, नाव आणि तारीख तेवढी बदलून पाठवले जाते. हे पत्र म्हणजे निव्वळ शिष्टाचार, असा समज त्यामागे असतो. प्रत्यक्षात नोकरी नेमकी कोणत्या दिवशी संपते, तोवर कोणते काम कोणाकडे जाते आणि कोणत्या गोष्टी परत करायच्या आहेत, हे दोन्ही पक्षांना बांधून ठेवणारा हा पहिला कागद असतो. आणि अभियंत्याच्या बाबतीत, ज्याच्या कामाचा मोठा भाग इतरांना दिसतच नाही, या पत्राला आणखी महत्त्व येते.

सर्वांत खोलवर रुजलेला गैरसमज असा की, व्यवस्थापकाने ‘राजीनामा नामंजूर’ असे लिहिले की माणसाला थांबावेच लागते. राष्ट्रीय विमान कंपनीच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले की राजीनामा देणे हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे आणि सेवानियमांत किंवा नेमणुकीच्या अटींत तशी तरतूद नसेल, अथवा शिस्तभंगाची कारवाई चालू किंवा विचाराधीन नसेल, तर त्याला इच्छेविरुद्ध कामावर ठेवता येत नाही. नोटीस पीरियड, म्हणजे राजीनाम्यापासून शेवटच्या दिवसापर्यंत काम करण्याची कराराने ठरलेली मुदत, अपुरी राहिली तर तेवढ्या दिवसांचे वेतन करारानुसार मागता येते. माणूस अडवून ठेवता येत नाही.

याच्या उलट टोकाचा गैरसमजही तितकाच महागात पडतो: आतल्या फायलीवर मंजुरीचा शेरा पडला की राजीनामा स्वीकारला गेला. कोकण रेल्वे महामंडळातील 23 वर्षे सेवा झालेल्या एका कर्मचाऱ्याने डिसेंबर 2013 मध्ये राजीनामा दिला आणि मे 2014 मध्ये तो मागे घेतला. त्याआधी एप्रिलमध्येच राजीनामा स्वीकारला होता, असे महामंडळाचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये ते एप्रिलचे पत्र अंतर्गत पत्रव्यवहार ठरवले, कारण ते कर्मचाऱ्याला पोहोचल्याचा पुरावा नव्हता, आणि त्याला कामावर परत घेण्याचा आदेश दिला. हा वाद सार्वजनिक उपक्रमातला होता आणि खासगी कंपनीत नेमणूकपत्रातील अटींना अधिक वजन असते, हे खरे. तरी अधिकार असलेल्या व्यक्तीच्या सहीचे पत्र संबंधिताच्या हाती पडणे आणि त्याची पोच मिळणे, एवढी काळजी कोणत्याही कार्यालयाने घ्यायलाच हवी. ‘ठीक आहे, बोलू’ असा व्यवस्थापकाचा एका ओळीचा संदेश हे काम करू शकत नाही.

तारखेचा घोळ कसा होतो, हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहता येते. पुण्यातील एका कंपनीत ग्राहकांच्या पैशांचा हिशेब जुळवणारी प्रणाली सांभाळणाऱ्या वरिष्ठ अभियंतेने सोमवार, 3 मार्च 2025 रोजी राजीनामा दिला आणि करारात 60 दिवसांचा नोटीस पीरियड आहे, असे समजू. दुसऱ्या दिवसापासून मोजले तर साठावा दिवस शुक्रवार, 2 मे हा येतो. व्यवस्थापकाने पत्र 7 मार्चला काढले आणि मुदत मंजुरीपासून सुरू होते असे धरले, तर तोच दिवस 6 मे वर जातो आणि 5 मेला नव्या नोकरीवर रुजू होण्याचा शब्द देऊन बसलेली अभियंता विनाकारण अडचणीत येते. करारात वेगळे लिहिले नसेल तर मुदत सूचना दिल्यापासून मोजणे हीच रूढ आणि न्याय्य रीत आहे. म्हणून पत्रात ‘60 दिवसांनी’ असे न लिहिता ‘शुक्रवार, 2 मे 2025 रोजी कामकाज संपताना’ असे लिहावे.

हस्तांतराविषयीचा गैरसमज याहून व्यापक आहे. शेवटच्या आठवड्यात चार बैठका घेतल्या, अभियंत्याने पडद्यावर सर्व दाखवले, दुसऱ्याने मान डोलावली, की काम सुपूर्द झाले असे मानले जाते. पण बघून आलेली समज आणि करून आलेली समज यांत फार अंतर असते. म्हणून अनुभवी चमू बैठकांनंतर भूमिका उलटवतात: काम घेणारा ते स्वतः करतो, सोडून जाणारा फक्त पाहतो आणि जिथे हात अडतो तिथली त्रुटी लेखी टिपणात भरतो. वरच्या उदाहरणात महिनाअखेरचा हिशेब दोनदाच येतो. 31 मार्चचा हिशेब अभियंतेने वारसदाराला शेजारी बसवून करावा, 30 एप्रिलचा वारसदाराने एकट्याने. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुट्टी, त्यामुळे काही बिघडले तर विचारायला 2 मे हा एकच कामाचा दिवस उरतो. तारखा आधीच पत्रात घातल्या तर ही अडचण मार्चमध्येच दिसते. आणि वारसदार म्हणजे पुढे कधी तरी नेमला जाणारा नवा माणूस नव्हे. भरती रखडते; त्यामुळे पत्रात आजच कामावर असलेल्या व्यक्तीचेच नाव असले पाहिजे, मग ती जबाबदारी तात्पुरती का असेना.

संगणकीय कामात आणखी एक धोका दडलेला असतो. रात्री आपोआप चालणारे एखादे काम वर्षानुवर्षे अभियंतेच्या वैयक्तिक खात्याच्या परवानगीवर चालत असते, आणि शेवटच्या दिवशी सुरक्षेच्या नियमानुसार ते खाते बंद झाले की त्याच रात्री ते काम परवानगीअभावी थांबते. ही गोष्ट कोणत्याही यादीत नसते, कारण ती कोणाच्या लक्षातच राहिलेली नसते. उपाय सोपा आहे: शेवटच्या दिवसाच्या आठवडाभर आधी खाते मुद्दाम एक पूर्ण दिवस-रात्र बंद ठेवावे आणि काय थांबते ते पाहावे. अभियंता त्या वेळी हाताशी असते, त्यामुळे जे थांबेल ते सामायिक सेवाखात्यावर हलवता येते. महिन्यातून एकदाच चालणारी कामे मात्र या चाचणीत सापडत नाहीत. त्यांच्यासाठी वेळापत्रके वाचावीच लागतात.

आभाराचा परिच्छेद ही भरताड असते, असेही मानले जाते, आणि ‘आपल्या अमूल्य योगदानाबद्दल’ ही ओळ त्यामुळेच सर्वत्र आढळते. पण कोणालाही लागू पडणारे आभार कोणाचेच नसतात. वरच्या उदाहरणात असे लिहिता येईल: ‘दररोज हाताने जुळवावा लागणारा हिशेब आपण स्वयंचलित केलात आणि त्यामागचे टिपणही लिहून ठेवलेत, याबद्दल चमू आपला ऋणी आहे. 31 मार्च व 30 एप्रिलच्या हिशेबाची जबाबदारी सोबतच्या तक्त्याप्रमाणे सुपूर्द करावी, ही विनंती.’ केलेल्या कामाचे नाव घेणारे एक वाक्य माणसाचा मान राखते, आणि त्याच कामाच्या हस्तांतराची विनंती मग हुकूम वाटत नाही.

शेवटी, स्वीकृतिपत्र म्हणजे रिलीव्हिंग लेटर नव्हे. पहिले राजीनामा मान्य झाल्याचे आणि पुढच्या व्यवस्थेचे पत्र. दुसरे शेवटच्या दिवशी किंवा त्यानंतर, जबाबदारीतून प्रत्यक्ष मोकळे केल्याचे पत्र. नवी कंपनी रुजू होताना सहसा दुसरे मागते. शेवटच्या दिवसावर पुढचे हिशेबही अवलंबून असतात: पाच वर्षांची सलग सेवा झाली असल्यास मिळणारे उपदान, म्हणजेच ग्रॅच्युइटी, देय झाल्यापासून 30 दिवसांत द्यावे लागते. भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख घालणे हे कंपनीचे काम आहे, आणि ती तारीख या दोन्ही पत्रांतील शेवटच्या दिवसाशी तंतोतंत जुळते ना, हे कर्मचाऱ्याने स्वतः पाहून घ्यावे.