चार बदला, सहा तसेच ठेवा

आमच्या तालुक्याच्या गावातल्या ग्रंथालयात दर फेब्रुवारीत तीन दिवसांची व्याख्यानमाला होते. २०२६च्या मालेचं पोस्टर डिझाइनरकडून आलं तेव्हा कार्यकारिणीच्या ग्रुपवर आधी अंगठे उमटले, मग सूचना. 'रंग जरा उठावदार हवा.' 'नावं मोठी करा.' 'फोटो बदलायचा होता ना?' एकाने चालत्या स्कूटरवरून ध्वनिसंदेश पाठवला : 'तारीख-वार जुळत नाहीत, बघून घ्या.'

ही शेवटची सूचना सगळ्यांत साधी वाटते, पण घात तिनेच केला. मागच्या वर्षीची माला शुक्रवार, २१ ते रविवार, २३ फेब्रुवारी अशी होती. डिझाइनरने जुनीच फाइल उघडून फक्त साल बदललं होतं. २०२६च्या फेब्रुवारीत २१ तारखेला शनिवार होता. त्याने कॅलेंडर पाहिलं आणि दुसऱ्या मसुद्यात छापलं : शनिवार, २१ ते सोमवार, २३. तारीख आणि वार आता चोख जुळत होते. व्याख्यानं मात्र २० ते २२ला होती. त्याची चूक कुठे होती? जुळत नाही एवढंच त्याला सांगितलं होतं. दोहोंपैकी खरं कोणतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या मसुद्यात आणखी एक गंमत होती. दुसऱ्या दिवशीच्या व्याख्यात्या बाईंचा फोटो डावीकडे होता आणि त्यात त्या डावीकडेच, म्हणजे कागदाबाहेर पाहत होत्या. चेहरा मजकुराकडे वळलेला असावा, असा मांडणीचा जुना संकेत आहे आणि तो बरोबरही आहे. वाचणाऱ्याची नजर फोटोतल्या नजरेमागे जाते. म्हणून डिझाइनरने फोटो आरशासारखा उलटवला. नजर मजकुराकडे वळली, पण पदर डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर गेला. बाईंना ओळखणाऱ्या एकीने विचारलं, 'यांनी गुजराती पद्धतीनं साडी कधीपासून नेसायला घेतली?' पुरुषांच्या फोटोत हीच चोरी शर्टाच्या खिशावरून आणि केसांच्या भांगावरून पकडता येते.

तिसरा मसुदा मागण्याआधी मी सगळ्यांना गप्प बसवलं आणि एकट्याने चिठ्ठी लिहिली. ती जशीच्या तशी देतो.

'कालचा दुसरा मसुदा (पोपटी पार्श्वभूमीचा) धरूनच काम करावे. आधीचे सर्व संदेश रद्द समजावेत.

बदल चारच :

१. शीर्षकाखालची तारखेची ओळ. आहे : शनिवार, २१ ते सोमवार, २३ फेब्रुवारी २०२६. हवी : शुक्रवार, २० ते रविवार, २२ फेब्रुवारी २०२६.

२. तिसऱ्या व्याख्यात्यांचे आडनाव. आहे : कुलकर्णी. हवे : कुळकर्णी. ते असेच लिहितात. नाव दोन ठिकाणी आहे : फोटोखाली आणि विषयाच्या ओळीत.

३. दुसऱ्या व्याख्यात्यांचा फोटो. उलटवलेला आहे, तो सरळ करावा. नजर बाहेर जाते असे वाटल्यास फोटो उजवीकडे व मजकूर डावीकडे घ्यावा.

४. "प्रवेश विनामूल्य" रस्त्यावरून दिसत नाही. कसे ठळक करायचे ते तुम्ही ठरवा. जागा लागली तर मधली वेलबुट्टी काढावी, ठिकाणाची ओळ लहान करू नये.

यांना हात लावू नये : शीर्षकाची अक्षरे. पार्श्वभूमीचा रंग. व्याख्यात्यांचा क्रम आणि नावांचे आकार. वेळ व ठिकाण. ग्रंथालयाचे बोधचिन्ह. खालची देणगीदारांची पट्टी.

याखेरीज काही बदलावेसे वाटले तर करण्यापूर्वी फोन करावा.'

पहिलं वाक्य अनेकांना फालतू वाटेल. पण मसुदा कोणता, हेच निश्चित नसेल तर बाकी चिठ्ठी हवेत राहते. डिझाइनरच्या संगणकावर 'फायनल', 'फायनल २', 'फायनल नक्की' अशा नावांच्या फाइली असतात. तुम्ही दुसऱ्या मसुद्यावर बोलता, तो पहिल्यावर काम करतो आणि दुरुस्त झालेल्या चुका पुन्हा उगवतात.

'आहे' आणि 'हवे' ही जोडी फक्त मजकुराच्या चुकांसाठी. तिथे वर्णन करत बसू नये. बरोबर मजकूर टाइप करून द्यावा, म्हणजे त्याला तो उचलता येतो. तरीही आपल्याकडे एक खाच आहे. आपण फोनवर जे मराठी लिहितो ते युनिकोड असतं. छपाईच्या कामात अजून अनेक ठिकाणी श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटांवर काम चालतं. युनिकोड मजकूर तिथे नुसता चिकटवला की चिन्हांची खिचडी होते. मग डिझाइनर तो रूपांतरित करतो किंवा सरळ पुन्हा टाइप करतो. रफार, अर्धी अक्षरं आणि 'दुसऱ्या'तला तो चंद्रकोरीसारखा र यांच्यावर तिथेच संक्रांत येते. म्हणून मी चिठ्ठीसोबत त्याच मजकुराचं पानही चित्र म्हणून पाठवतो. अक्षर नेमकं कसं दिसायला हवं, हे त्यावरून पडताळता येतं.

कुळकर्णी या नावापुढे 'ते असेच लिहितात' हे तीन शब्द नसते तर ळ टिकला नसता. सुशिक्षित माणसाला जी चूक वाटते ती तो न विचारता सुधारतो, आणि या साखळीत डिझाइनर, त्याचा मदतनीस आणि प्रेसमधला माणूस असे तीन सुशिक्षित बसलेले असतात. जुन्या मुद्रितशोधकांकडे यासाठी खूण होती. खोडलेलं पुन्हा कायम ठेवायचं असेल तर शब्दाखाली ठिपके देऊन समासात 'स्टेट' लिहीत. मूळ लॅटिन शब्द, अर्थ 'राहू द्या'. मुद्रितशोधकाला जेवढी बदलण्याची खूण लागते तेवढीच न बदलण्याची लागते, हे त्या लोकांना शिशाच्या खिळ्यांच्या काळात कळलं होतं.

चौथ्या मुद्द्याची भाषा पहिल्या तिघांहून वेगळी आहे, ती मुद्दाम. तारीख काय हवी हे मला ठाऊक आहे, म्हणून तिथे मी हुकूम दिला. 'प्रवेश विनामूल्य' ठळक कसं करावं, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं, म्हणून तिथे फक्त तक्रार सांगितली. मी 'दुप्पट मोठं करा' म्हटलं असतं तर त्याने केलंही असतं, आणि बाजूची ओळ दबली असती. त्याने अक्षरं तेवढीच ठेवून मागे पांढरी पट्टी टाकली. पोपटी रंगावर ती पट्टी चौकातल्या चहाच्या टपरीपासून दिसली. मला हे सुचलं नसतं.

पण जागेचा हिशोब मी सोडला नाही. ए-३ कागद २९७ गुणिले ४२० मिलिमीटरचा, त्यापेक्षा एक रेघ मोठा नाही. एक गोष्ट वाढवली की दुसरी कुठून तरी आक्रसते. कोणती, हे आपण सांगितलं नाही तर डिझाइनर जी त्याला बिनमहत्त्वाची वाटते तिच्यातून जागा घेतो, आणि ती बहुधा ठिकाणाची ओळ असते. तो आमच्या गावचा नाही. 'जुन्या कन्याशाळेचं पटांगण' आणि नुसतं 'शाळेचं पटांगण' यांतला फरक त्याला कुठून माहीत असणार?

'हात लावू नये'च्या यादीतल्या सगळ्या गोष्टी मला सुंदर वाटतात म्हणून तिथे नाहीत. शीर्षकाची अक्षरं मला स्वतःला आवडत नाहीत. पण कार्यकारिणीने ती मान्य केली आहेत, आणि तो विषय उघडला तर पुन्हा सात मतं येतील. व्याख्यात्यांच्या नावांचे आकार ज्येष्ठतेवर ठरलेत. ते का, हे कागदावर लिहिण्यासारखं नाही. देणगीदारांच्या पट्टीचा शब्द आपण देणगी घेताना दिलेला असतो, तो आता आपल्याही हातात नाही. डिझाइनरला यांतलं कारण एकही कळलं नाही तरी चालतं, यादी कळली पाहिजे. मात्र यादी लांबवण्याचा मोह टाळावा. ओळींतलं अंतर, नक्षीची जाडी, कडेची मोकळी जागा, हे त्याचं राज्य. तिथेही कुंपण घातलं तर तो नुसता टंकलेखक उरतो आणि आपल्याला मिळतंही टंकलेखनच.

तिसरा मसुदा आल्यावर तपासायचं काय? चार बदल झाले की नाहीत हे सगळेच पाहतात. सहा गोष्टी जागच्या जागी आहेत का, हे कुणी पाहत नाही. मी दोन्ही मसुद्यांची चित्रं फोनवर शेजारी ठेवतो आणि बोटाने मागेपुढे सरकवतो. जे हललं असेल ते डोळ्यांसमोर उडी मारतं. तशी एक उडी सापडली. वेळेच्या ओळीतला 'सायंकाळी' हा शब्द किंचित जाड दिसत होता. विचारल्यावर कळलं की मजकुराचे कर्व्ह झाले होते. छपाईआधी अक्षरांची चित्रं करतात, म्हणजे प्रेसकडे तो फाँट नसला तरी छपाई बिघडत नाही. एकदा असं केलं की शब्द टाइप करून बदलता येत नाही. एक काना हलला होता, म्हणून घाईत दुसऱ्या ओळीतलं अक्षर उचलून तिथे बसवलं होतं. त्याने मूळ फाइल उघडून ओळ पुन्हा टाइप केली. मग मी पोस्टरवरचा फोन नंबर स्वतः लावून पाहिला, कारण आकडे वाचून तपासले की डोळा पाठ असलेलंच वाचतो. आमच्या ग्रंथपालांनी फोन उचलला.

फोटोचं एक राहिलं. मूळ फोटो पाठवताना तो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. फोटो म्हणून गेला की तो आपोआप बारीक होतो. सहा सेंटिमीटर रुंद फोटो स्वच्छ छापायला सुमारे सातशे पिक्सेलांची रुंदी लागते. आधीच पोस्टरमधून कापलेला किंवा दोन-चार ग्रुपांतून फिरून आलेला फोटो तिथे कमी पडतो, आणि फोनवर तो छान दिसतो म्हणून आपण फसतो.

अशी चिठ्ठी प्रत्येक वेळी चालते असं नाही. पोस्टर मुळातच चुकलं असेल, गंभीर विषयाला लग्नपत्रिकेची कळा आली असेल, तर चार बदल मागणं म्हणजे फुटक्या घागरीला ठिगळ. तेव्हा चिठ्ठी न लिहिता त्याच्याकडे जाऊन तासभर बसावं. आमचं पोस्टर तसं नव्हतं. ते ठीकच होतं, फक्त सात जण एकाच वेळी त्याला दुरुस्त करत होते.

पोस्टरं गुरुवारी लागली, तारखा बरोबर, पदर डाव्या खांद्यावर. रविवारी तिसरे वक्ते आले, प्रवेशद्वारावरच्या पोस्टरसमोर थांबले, आपलं आडनाव वाचून त्यांनी समाधानाने मान हलवली. मग मंचाकडे वळले. मागे बारा फुटी फ्लेक्स लागला होता. तो दुसऱ्याकडून, पहिल्या मसुद्यावरून करून घेतलेला. त्यावर कुलकर्णी.