एका शब्दाने हलणारा सोन्याचा भाव

लग्नसराईच्या तोंडावर सोन्याचा भाव एका रात्रीत चढतो किंवा उतरतो, आणि सकाळी पेढीवर गेलेल्या गिऱ्हाइकाला सराफ सांगतात, "काल अमेरिकेत बैठक होती ना!" दर वाढला का, असे विचारावे तर दर जागच्या जागीच असतो. मग भाव हलला कशाने? बहुतेक वेळा उत्तर एकच असते. निवेदनातला एखादा शब्द बदललेला असतो.

ही बैठक असते फेडरल रिझर्व्ह, म्हणजेच अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या समितीची. वर्षातून आठ वेळा ती व्याजदर ठरवते आणि दुपारी दोन वाजता छोटेसे निवेदन प्रसिद्ध करते. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात रात्रीचे साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा वाजलेले असतात. अर्ध्या तासाने अध्यक्ष वार्ताहरांना सामोरे जातात. आपल्याकडचे व्यवहार तोवर आटोपलेले असल्याने परिणाम दिसतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी.

जहाल आणि मवाळ

या निवेदनांचे दोन सूर मानले जातात. महागाईची धास्ती घेऊन व्याज चढे ठेवण्याकडे कल असला, तर त्याला हॉकिश म्हणजे ससाण्याचा सूर म्हणतात. बेकारी किंवा मंदीची काळजी वाटून व्याज उतरवण्याकडे कल असला, तर तो डोव्हिश म्हणजे कबुतराचा सूर. टिळक-गोखल्यांच्या काळातले जहाल आणि मवाळ हे शब्द इथे चपखल बसतात.

सोन्याशी याचा संबंध सरळ आहे. सोने व्याज देत नाही. अमेरिकन सरकारी रोख्यांवर घसघशीत व्याज मिळणार असेल, तर सोने नुसते तिजोरीत ठेवणे गुंतवणूकदाराला महाग वाटते. शिवाय व्याज चढले की डॉलर वधारतो आणि डॉलरमध्ये मोजले जाणारे सोने इतर देशांना महाग पडते. म्हणून जहाल सुराने सोने सहसा उतरते आणि मवाळ सुराने चढते. हा नियम काही तासांचा, फार तर काही दिवसांचा.

'झालीच तर'ची करामत

१३ डिसेंबर २०२३ ची बैठक याचे चांगले उदाहरण आहे. त्या वर्षाच्या सुरुवातीला निवेदनात दरवाढ 'चालूच राहील' अशी भाषा होती. मार्चमध्ये ती 'आणखी थोडी दरवाढ लागू शकेल' अशी सौम्य झाली. नोव्हेंबरच्या निवेदनात, आणखी दरवाढ किती करायची हे ठरवताना काय काय पाहिले जाईल, एवढेच म्हटले होते.

डिसेंबरमध्ये दर ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर तसाच ठेवला गेला. वाक्यही जवळजवळ तेच होते. फक्त 'एनी' हा एक इंग्रजी शब्द त्यात घातला होता. मराठीत सांगायचे, तर 'आणखी दरवाढ किती' याऐवजी 'आणखी दरवाढ झालीच, तर ती किती' असे ते वाक्य झाले. दरवाढीचे पर्व संपत आल्याची ती कबुली होती. अध्यक्ष जेरोम पॉवेल यांनी वार्ताहरांसमोर या शब्दाचा अर्थ तसाच उलगडून सांगितला. सोबतच्या अंदाजपत्रकात पुढील वर्षी पाव-पाव टक्क्याच्या तीन कपाती दिसत होत्या. त्या दिवशी सोने सुमारे दोन टक्क्यांनी चढले आणि औंसाला, म्हणजे साधारण ३१ ग्रॅमला, पुन्हा २,००० डॉलरच्या वर गेले.

कपात झाली, तरी घसरण

याच्या अगदी उलट घडले ते बरोबर वर्षाने. १८ डिसेंबर २०२४ रोजी फेडने दर पाव टक्क्याने कमी केला. व्याज उतरले म्हणजे सोने चढणार, असे कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात सोने सुमारे दोन टक्क्यांनी खाली आले.

कारण पुन्हा शब्दांतच होते. आधीच्या निवेदनात 'पुढील बदलांचा विचार करताना' असे होते, आता 'पुढील बदल किती आणि कधी, याचा विचार करताना' असे झाले. 'कधी' हा प्रश्न आला, म्हणजे घाई नाही असा त्याचा अर्थ. सप्टेंबरमध्ये २०२५ साठी चार कपातींचा अंदाज होता, तो आता दोनवर आला. समितीतील एका सदस्याने तर त्या दिवशीच्या कपातीविरुद्ध मत दिले. पाव टक्क्याची कपात बाजाराने आधीच धरलेली होती. त्यामुळे तिचा आनंद झाला नाही, पुढचे लांबणीवर पडल्याचे दुःख मात्र झाले.

निवेदन वाचण्याची खरी रीत यातूनच कळते. मागचे आणि नवे निवेदन शेजारी ठेवायचे. जे वाक्य तसेच आहे ते सोडून द्यायचे. कोणता शब्द आला, कोणता गेला, एवढेच पाहायचे. मग विरोधी मत कोणी आणि कोणत्या बाजूने दिले ते पाहायचे. शेवटी, बाजार आधी काय धरून चालला होता, याच्याशी ते ताडून पाहायचे. सूर अपेक्षेइतकाच मवाळ असेल, तर सोने जागचे हलतही नाही.

फसगत कुठे होते?

पहिल्या अर्ध्या तासाच्या भावावर विसंबणे धोक्याचे. १८ सप्टेंबर २०२४ रोजी फेडने अर्धा टक्का कपात केली. सोन्याने लगेच उच्चांक गाठला. पण एवढी मोठी कपात दर वेळी होईल असे समजू नका, अशा अर्थाचे पॉवेल बोलले आणि त्याच दिवशी भाव मागे आला. निवेदन आणि अध्यक्षांचे बोलणे यांचे सूर नेहमी जुळतातच असे नाही.

दुसरे म्हणजे आपल्याकडचा भाव फक्त वॉशिंग्टनवर ठरत नाही. रुपया घसरला, तर परदेशात स्वस्त झालेले सोने इथे तितके स्वस्त होत नाही. २३ जुलै २०२४ रोजी अर्थसंकल्पात आयात शुल्क १५ वरून ६ टक्के झाले आणि भाव एकदम कोसळला. त्यात फेडचा काहीच हात नव्हता.

आणि घरच्या खरेदीपुरता हिशेब मांडून पाहावा. समजा दहा ग्रॅमचा भाव ७५,००० रुपये आहे आणि मुलीसाठी ५० ग्रॅमच्या बांगड्या घ्यायच्या आहेत. एकूण सोने ३,७५,००० रुपयांचे. निवेदनामुळे भाव दोन टक्के हलला, तर फरक ७,५०० रुपयांचा. घडणावळ दहा टक्के धरली, तर ती ३७,५०० रुपये. घडणावळ दहाऐवजी आठ टक्क्यांवर आणली, तर तेवढेच ७,५०० रुपये वाचतात, आणि त्यासाठी मध्यरात्रीपर्यंत जागावे लागत नाही.

डिसेंबर २०२४ च्या त्या रात्री घाबरून ज्यांनी सोने विकले, त्यांनी पुढचे वर्षही पाहिले. ऑक्टोबर २०२५ मध्ये सोने औंसाला ४,००० डॉलरच्या पलीकडे गेले. दोन शब्दांनी त्या रात्रीचा भाव पाडला होता, वर्षाचा नव्हे. लग्नाची तारीख जवळ असेल, तर बैठकीचा दिवस टाळून आधी किंवा दोन-तीन दिवसांनी, शक्य तर दोन-तीन हप्त्यांत, खरेदी करावी. निवेदनाचा उपयोग आज भाव का हलला हे समजण्यापुरता. मुहूर्त काढायला ते उपयोगाचे नाही.