भाड्याचे सॉफ्टवेअर सोडताना

सॉफ्टवेअरची प्रत विकत न घेता दरमहा किंवा दरवर्षी वर्गणी भरून ते इंटरनेटवरून वापरायचे, या व्यवहाराला ‘सॉफ्टवेअर ॲज अ सर्व्हिस’ किंवा थोडक्यात ‘सास’ म्हणतात. यात प्रोग्रॅम पुरवठादाराच्या ताब्यातील सर्व्हरवर चालतो आणि ग्राहकाच्या नोंदीही तिथेच साठतात. सेवा बंद पडली की काम थांबते आणि करार संपला की नोंदींपर्यंत पोचण्याची वाटही बंद होऊ शकते. म्हणून या करारातील दराच्या पानापेक्षा मागची कलमे अधिक काळजीपूर्वक वाचावी लागतात.

समजा, नाशिकची एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी बिलिंग आणि हिशेबासाठी दरमहा २०,००० रुपये भरते. करारात ९९.९ टक्के अपटाइमची हमी आहे. तीस दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटे असतात. त्यामुळे हमी न मोडता सेवा सुमारे ४३ मिनिटे बंद राहू शकते. हाच हिशेब तिमाहीवर धरला, तर सलग दोन तास बंद राहूनही हमी शाबूत राहते. मोजणीचा काळ टक्केवारीइतकाच महत्त्वाचा आहे तो यासाठी.

आता एका महिन्यात सेवा पाच तास बंद पडली. अपटाइम साधारण ९९.३ टक्क्यांवर आला, म्हणजे हमी मोडली. पण त्यातले साडेचार तास पुरवठादाराने आधी कळवलेल्या देखभालीचे असतील आणि करारात असा वेळ वगळलेला असेल, तर मोजली जातात फक्त ३० मिनिटे, आणि कागदोपत्री हमी पाळली गेली असे ठरते. देखभालीला महिन्याची कमाल मर्यादा आणि रात्रीची वेळ करारातच ठरवून घेतली, तर ही पळवाट बंद होते. हमी खरोखर मोडली तरी भरपाई बहुधा पुढच्या बिलातील सवलतीच्या रूपाने मिळते, आणि तीही ग्राहकाने मुदतीत मागितली तरच. दहा टक्के सवलत म्हणजे इथे २,००० रुपये. महिनाअखेरीस बिले अडकल्याने झालेले नुकसान त्यातून भरून निघत नाही. वारंवार हमी मोडल्यास दंड न भरता करार सोडण्याचा हक्क ग्राहकाला या सवलतीपेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडतो.

‘डेटा ग्राहकाच्या मालकीचा राहील’ हे वाक्य जवळपास प्रत्येक करारात असते. तेवढ्यावर समाधान मानणे धोक्याचे आहे. पुरवठादाराला तो डेटा कशासाठी वापरता येईल, ओळख पुसून केलेली आकडेवारी त्याला विकता येईल का, वर्गणी थकली तर तो नोंदी अडवून धरू शकेल का, हे वेगळे लिहून घ्यावे लागते. शिवाय मालकीबरोबर जबाबदारीही येते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे ठरवणारी संस्थाच जबाबदार असते. प्रत्यक्ष काम दुसऱ्याकडून करून घेतले म्हणून ती सुटत नाही.

मालकीची खरी कसोटी लागते ती करार संपताना. आपल्या उदाहरणातील कंपनीला हिशेबाची पुस्तके आठ वर्षे जपावी लागतात. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेलही सक्तीची आहे, म्हणजे प्रत्येक नोंदीत कोणता बदल कधी झाला याचा माग राहिला पाहिजे. सोडताना पुरवठादाराने ग्राहक, बिले आणि येणी यांच्या सीएसव्ही फायली हातावर ठेवल्या, तर वरवर सगळे मिळाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात बिलांना जोडलेल्या पीडीएफ राहून जातात, कोणती पावती कोणत्या बिलापोटी आली हा दुवा तुटतो आणि ऑडिट ट्रेल त्या फायलींत नसतेच. करारात ‘प्रचलित स्वरूपात डेटा देऊ’ एवढेच लिहिलेले असेल, तर तक्रारीलाही फारशी जागा उरत नाही.

म्हणून काय काय परत मिळणार याची यादी, फायलींचे स्वरूप, मदतीचा दर आणि मुदत सही करण्यापूर्वीच ठरवावी. मुदत पुरेशी हवी. युरोपीय संघाचा डेटा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. त्यात सेवा बदलण्यासाठीच्या नोटिशीची कमाल मुदत दोन महिने आहे, आणि स्थलांतराचा काळ संपल्यावरही डेटा काढून घेण्यासाठी किमान ३० दिवस द्यावे लागतात. भारतीय ग्राहकाला मात्र असा अवधी करारातूनच मिळवावा लागतो. आपोआप नूतनीकरणाचे कलम असेल, तर नोटिशीची शेवटची तारीख हुकल्यास आणखी वर्षभराची वर्गणी डोक्यावर बसते.

बाहेर पडताना मिळालेल्या फायली नव्या सॉफ्टवेअरमध्ये चढवून ट्रायल बॅलन्स जुळवावा, बिलांची संख्या ताडून पाहावी आणि काही जुन्या बिलांचा बदलांचा इतिहास उघडून बघावा. हे जुळेपर्यंत जुने खाते निदान वाचण्यापुरते चालू ठेवण्याची तरतूद हवी. त्यानंतरच डेटा पुसण्यास लेखी परवानगी द्यावी आणि बॅकअपमधील प्रती किती दिवसांत नष्ट होतील, हेही पुरवठादाराकडून लेखी घ्यावे.