ऑक्सिडेशन, उपचयन की ऑक्सिडीकरण?

काळ्या कॉपर ऑक्साइडची पूड तापवत ठेवून तिच्यावरून हायड्रोजन वायू सोडला, की पूड हळूहळू तांबूस होते आणि पाण्याची वाफ निघते. CuO + H₂ → Cu + H₂O हे त्या प्रयोगाचे समीकरण. कॉपर ऑक्साइडमधला ऑक्सिजन निघून गेला आणि हायड्रोजनला मिळाला, एवढीच गोष्ट. पण दहावीच्या मुलांसाठी ती मराठीत लिहायला बसलेला लेखक लगेच अडतो. ऑक्सिजन मिळण्याला काय म्हणायचे आणि जाण्याला काय?

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे इंग्रजी शब्द देवनागरीत उतरवणे: ऑक्सिडेशन आणि रिडक्शन. पुढे अकरावीला विज्ञान इंग्रजीतूनच शिकायचे आहे, मग मुलांना हेच शब्द आताच का देऊ नयेत, असे अनेक पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण हा शब्द धड्यात एकटा येत नाही. पुढच्याच परिच्छेदात ऑक्सिडायझिंग एजंट येतो, मग ऑक्सिडाइज झालेला पदार्थ येतो, त्यानंतर ऑक्सिडंट. इंग्रजीत हे सगळे एका मुळापासून कसे फुटतात, ते इंग्रजीचे प्रत्यय ओळखणाऱ्याला दिसते. मराठी माध्यमातल्या मुलाला मात्र ते चार सुटे शब्द वाटतात आणि तो चारही पाठ करतो. शिवाय देवनागरीत फक्त उच्चार येतो, स्पेलिंग येत नाही. त्यामुळे अकरावीत रोमन लिपीतला शब्द समोर आला, की तो पुन्हा नव्याने ओळखावा लागतो. ज्या फायद्यासाठी इंग्रजी शब्द घेतला, तो निम्माच पदरात पडतो.

दुसरे टोकही आपल्याकडे गाठून झाले आहे. डॉ. रघुवीर यांनी नागपुरात संस्कृत धातूंवर आधारलेली प्रचंड परिभाषा घडवली. मूलद्रव्यांची नावेही त्यांनी सोडली नाहीत. ऑक्सिजन म्हणजे जारक, कार्बन म्हणजे प्रांगार आणि कार्बन डायऑक्साइड म्हणजे प्रांगार द्विजारेय. ही रचना आतून अतिशय सुसंगत होती. जारकपासून जारेय, जारेयपासून द्विजारेय, असे शब्दांचे अख्खे कुटुंब तिच्यात होते. त्या कामामागच्या विद्वत्तेबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण मुलाला समीकरणात O आणि C लिहायचे असते आणि जारकचा O शी काही धागा जुळत नाही. बाटलीवरच्या चिठ्ठीवर आणि कारखान्यातल्या पिंपावर वेगळेच नाव असते. ते शब्द पुस्तकाबाहेर कुणाच्याच तोंडी आले नाहीत.

केंद्र सरकारने १९६१ मध्ये वैज्ञानिक आणि तांत्रिक शब्दावलीसाठी आयोग नेमला. त्याने ठरवलेली वाटणी मला अजूनही सर्वांत शहाणपणाची वाटते. मूलद्रव्ये आणि संयुगे यांची नावे, मापनाची एकके, माणसांच्या नावावरून पडलेल्या संज्ञा, वनस्पती-प्राण्यांची शास्त्रीय द्विनामे, चिन्हे आणि सूत्रे जगभर चालतात तशीच ठेवायची. संकल्पना दाखवणाऱ्या शब्दांना मात्र आपल्या भाषेत शब्द द्यायचा. गरज पडेल तिथे परक्या मुळाला आपला प्रत्यय लावायलाही त्या धोरणात मुभा आहे.

ऑक्सिडीकरण हा शब्द याच मुभेतून आला आहे. मूळ ऑक्सिजनचे, प्रत्यय आपला. शुद्धीकरण, विद्युतीकरण हे शब्द मुलाने ऐकलेले असतात, त्यामुळे -करण म्हणजे तसे करणे हे त्याला सांगावे लागत नाही. मग ऑक्सिडीकरण घडवणारा तो ऑक्सिडक आणि ऑक्सिडीकरण झालेला तो ऑक्सिडीकृत, हे ओघानेच कळते. आता प्रयोगाचे वाक्य वाचून पाहा: हायड्रोजनचे ऑक्सिडीकरण झाले, कॉपर ऑक्साइडचे क्षपण झाले. वाक्य मराठी राहिले आणि O शी असलेले नातेही टिकले.

पण उलट प्रक्रियेला क्षपण का? हिंदी पुस्तकांत ऑक्सिडीकरणाला उपचयन आणि त्याच्या उलट क्रियेला अपचयन असेही शब्द आहेत. जोडी कानाला गोड लागते, तीच उचलण्याचा मोह होतो. मात्र मराठी जीवशास्त्रात चयापचय आधीच रुळलेला आहे. त्यातला अपचय म्हणजे शरीरातल्या मोठ्या रेणूंचे विघटन. रसायनाच्या धड्यात अपचयन आणि जीवशास्त्राच्या धड्यात अपचय आले, तर एकाच पुस्तकात मुलाचा गोंधळ उडणार. शिवाय पेशीतल्या अपचयात ग्लुकोजचे ऑक्सिडीकरणच होते, म्हणजे अर्थ नेमका उलटा पडतो. क्षपण रूक्ष वाटतो खरा, पण क्षय, क्षीण यांच्या घरातला आहे आणि दुसऱ्या कुठल्या धड्याशी भांडत नाही.

शेजारच्या भाषेतून शब्द घेताना हा धोका वारंवार येतो. मराठीत अणू म्हणजे मूलद्रव्याचा लहानात लहान कण आणि अणू जोडून रेणू होतो. हिंदीत पहिल्याला परमाणु म्हणतात आणि अणु हा शब्द दुसऱ्यासाठी वापरतात. मराठीतला क्षार हिंदीत लवण असतो आणि हिंदीतला क्षार म्हणजे अल्कली. आपली पेशी हिंदीत कोशिका होते, तर हिंदीत पेशी म्हणजे स्नायू. म्हणून हिंदीतून भाषांतर केलेला मजकूर नुसता डोळ्याखालून घालून भागत नाही. रसायन आणि जीवशास्त्र लिहिणाऱ्यांनी आपापल्या शब्दांच्या याद्या समोरासमोर ठेवून तपासायला हव्यात. आठवी, नववी आणि दहावीची पुस्तके वेगवेगळे लोक लिहीत असतील, तर हे अधिकच गरजेचे ठरते.

प्रत्येक संकल्पनेला मराठी शब्द हवाच, असे मात्र मी म्हणणार नाही. जनुक हा शब्द मला फार आवडतो. त्यात जन् धातू आहे, मूळ इंग्रजी शब्दाचा ध्वनीही आहे आणि त्यातून जनुकीय, जनुकशास्त्र असे शब्द सहज निघाले. विकरचे तसे झाले नाही. विकर ऐकून अर्थाचा काहीच सुगावा लागत नाही आणि त्याच्याभोवती शब्दांचे कुटुंबही उभे राहिले नाही. एन्झाइम मात्र कपड्यांच्या साबणाच्या जाहिरातीतून घरोघरी पोचले आहे. नवे पुस्तक लिहिताना मी तिथे एन्झाइमच ठेवीन आणि विकर हा शब्द एकदा सांगून पुढे जाईन. तांब्याचेही तसेच. धातूबद्दल बोलताना तांब्याची पट्टी, तांब्याची तार असेच लिहावे. संयुगाला कॉपर सल्फेट म्हणावे आणि हेच ते बाजारातले मोरचूद, हे पहिल्याच वेळी सांगावे. घरात रोज दिसणाऱ्या वस्तूचे नाव पुस्तकाने मुलाकडून काढून घेऊ नये.

शब्द नीट बसला की नाही, याची परीक्षा वर्गात होते. धडा वाचल्यावर पुस्तक मिटून मुलाला प्रयोगात काय घडले ते सांगायला लावावे. संज्ञा त्याच्या वाक्यात योग्य विभक्ती घेऊन आली, तर ती त्याची झाली. व्याख्या शब्दशः म्हणून दाखवून तो थांबला किंवा संज्ञेच्या जागी नुसते ‘ते’ म्हणू लागला, तर तिथे काहीतरी अडले आहे. विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे: असा शब्द सापडला, तर तो ज्या वाक्यात अडला त्या वाक्यासह आणि पान क्रमांकासह बालभारतीला लिहून कळवा.