दारातली बेल, खिशातला निरोप

पाथर्डीच्या उन्हात अम्मी दारात बेल दाबत राहिली. माडीवर लिहीत बसलेल्या मला ऐकूच आली नाही. म्हणून बेल मोबाइलशी जोडली.

आमची बेल १६ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर चालते. आधी कंट्रोलरही त्यावरच चालवला. भार वाढला, बेल नुसती गुणगुणू लागली. मग कंट्रोलरला मोबाइलचा चार्जर दिला. बेलच्या दोन टोकांना ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरमधून ऑप्टोकपलर जोडला आणि त्याच्या दिव्याला उलटा डायोड. बटण दाबले की दिवा लागतो, कंट्रोलर तो उजेड ओळखतो. ट्रान्सफॉर्मरवर भार जेमतेम तीन-चार मिलिअँपिअर. दिवा सेकंदाला ५० वेळा मिचकावतो. त्यामुळे ५० मिलिसेकंद अंधार राहिला, तरच बटण सुटले असे धरायचे.

थेट २३० व्होल्टच्या बेलला मात्र ही जोडणी करू नका.