दोन चालींमधलं भांडण

'कट्यार काळजात घुसली' या नाटकात एकच कविता दोन वेगवेगळ्या चालींत गायली जाते. प्रसाद सावकारांच्या आवाजातली 'घेई छंद'ची चाल धानी रागात आहे, तर वसंतराव देशपांड्यांच्या आवाजातली सालगवराळीत. शब्द तेच, भुंगा तोच, कमळ तेच. पण पहिली चाल ऐकताना माणूस शांत होतो आणि दुसरी ऐकताना सावरून बसतो. मैफलीत किंवा रेडिओवर ही दोन स्वतंत्र, गोड नाट्यपदं वाटतात. रंगमंचावर मात्र ती एकमेकांविरुद्ध उभी असतात, आणि नाटकाचं सगळं भांडण या दोन चालींमधल्या अंतरात सामावलेलं आहे. माझ्या मते रागसंगीत आणि नाट्य यांचा सांधा मराठी रंगभूमीवर इतका घट्ट क्वचितच बसला असेल.

या नाटकाची दोन मुळं नागपुरात आहेत. ते लिहिणारे आणि त्यातली पदंही लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे. 'रंजन कला मंदिर' ही त्यांची इथलीच संस्था. खाँसाहेब आफताब हुसेन उभा करणारे वसंतराव मूर्तिजापूरला जन्मले, पण वाढले नागपुरात, आणि गाण्याचे पहिले धडेही त्यांनी इथेच शंकरराव सप्रे यांच्याकडे घेतले. सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहाला आज वसंतरावांचं नाव आहे. तिसरं मूळ मात्र गोव्याचं, संगीतकार जितेंद्र अभिषेकी यांचं. प्रभाकर पणशीकरांच्या 'नाट्यसंपदा'ने 24 डिसेंबर 1967 रोजी पहिला प्रयोग केला.

हे नाटक नेमकं काय सोडवत होतं, हे कळायला जरा मागे जावं लागतं. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'त, म्हणजे 1880 साली, दोनशेच्या आसपास पदं होती. ऐकून दचकायला होतं, पण त्यातली बरीचशी साकी, दिंडी, कामदा अशा कीर्तनातून आणि लोकगीतांतून आलेल्या छोट्या चालींवर होती. पात्र बोलता बोलता चार ओळी म्हणायचं आणि गोष्ट पुढे सरकायची. रागाचा विस्तार तिथे फारसा नव्हता, त्यामुळे नाटकाला थांबावं लागत नव्हतं.

ते थांबू लागलं पुढच्या पिढीत. 1911 च्या 'मानापमाना'ला गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या, 1916 च्या 'स्वयंवरा'ला भास्करबुवा बखले यांनी. आता पदांमागे ख्याल-ठुमरीच्या बंदिशी होत्या. बंदिशीचा सांगाडा तोच ठेवून मूळ बोलांच्या जागी मराठी शब्द बसवायचे, अशी ती रीत. चाल भारदस्त झाली, पण तिच्याबरोबर रागाचं वेळेचं गणितही आत आलं. राग उलगडायला अवकाश लागतो. बडा ख्याल अर्धा-पाऊण तास चालला तरी कुणी घड्याळ पाहत नाही, कारण तिथे ऐकणाऱ्याला पुढच्या प्रसंगाची ओढ नसते. नाटकात ती असते. नायिका आलापात रंगली की शेजारी उभ्या नायकाने करायचं काय? वन्समोअर आला की तोच कबुलीजबाब पुन्हा द्यायचा का? बालगंधर्वांसारखा गळा असेल तर प्रेक्षक हे सगळं आनंदाने माफ करत, आणि प्रयोग पहाटेपर्यंत लांबत. मला त्या रसिकांचा हेवाच वाटतो. पण तो नाटकाचा नाही, गाण्याचा आनंद होता, हेही खरं.

अभिषेकींनी 'मत्स्यगंधा'पासून, म्हणजे 1964 पासून, या गणिताला हात घातला. राग टाकून भावगीत करायचं नाही आणि रागाच्या मागे नाटक फरपटू द्यायचं नाही, असा त्यांचा मार्ग होता. पद सुरू होताच मुखडा, आणि मुखड्यातच रागाचं तोंड पूर्ण दिसायला हवं. लांब आलापी नाही. जो आलाप, तो ओळीच्या पोटात. मध्यलय, एखाद-दोन अंतरे, तानेला जागा मोजकी आणि ठरलेली, मग पुन्हा मुखडा आणि गद्य. गाणाऱ्याला फुलवायची मुभा उरते, पण ती कुठे घ्यायची हे चालच सांगते. त्यासाठी चाल इतकी भरीव लागते की दोन आवर्तनांत रागाचं वजन जाणवावं. अशा कामाला धानी आणि सालगवराळी किती चोख बसले, ते पाहू.

धानी पाच स्वरांचा राग. त्यात रिषभ आणि धैवत नाहीत, गंधार आणि निषाद कोमल. स्वर कमी आणि त्यांची चाल सरळ, म्हणून तो लगेच ओळखीचा वाटतो, कानाला कुठे अडत नाही. याच शब्दांची धानीतली चाल प्रसन्न, घरात रुजलेल्या पठणासारखी भासते. सालगवराळी मुळात कर्नाटक संगीतातला राग. त्याचे कोमल रिषभ-गंधार तोडीची आठवण करून देतात, आणि हिंदुस्थानी कानाला त्याची वळणं अनपेक्षित वाटतात. पुढचा स्वर कुठे पडणार याचा अंदाज चुकतो, आणि त्या चुकण्यातच चमत्कृती असते. पंडित भानुशंकरांची गायकी आणि खाँसाहेबांची गायकी यांत फरक काय, हे नाटककाराला संवादात समजावून सांगावं लागत नाही. ज्याला रागांची नावंही ठाऊक नाहीत तो प्रेक्षकही पहिल्या दोन ओळींत ओळखतो की ही दोन माणसं जगाकडे वेगवेगळ्या नजरेने बघतात.

दारव्हेकरांची युक्ती त्याच्याही आधीची आहे. जुन्या संगीत नाटकात शकुंतला किंवा रुक्मिणी गाते, पण आपण गातो आहोत हे तिला ठाऊक नसतं. पद हा तिच्या बोलण्याचाच विस्तार असतो. 'कट्यार'मधली माणसं गवई आहेत. दरबाराचं गायकपद आणि त्याबरोबर हवेली पंडितजींकडून खाँसाहेबांकडे जाते. पंडितजींची गायकी शिकायला आलेल्या सदाशिवला त्या हवेलीत खाँसाहेब भेटतात. शिकवायला नकार मिळाल्यावर तो लपून ऐकतो. म्हणजे गाणं ही इथे चोरता येणारी, लपवता येणारी, वारशाने मिळणारी किंवा नाकारली जाणारी वस्तू झाली. अशा गोष्टीत पद कापलं तर प्रसंगच कापला जातो. गाण्यामुळे नाटक थांबतं, ही जुनी तक्रार इथे मुळातच उरत नाही.

खाँसाहेबांच्या तोंडी हिंदी-उर्दूचा लहेजा आहे, आणि त्यात मला नागपूर दिसतं. हे शहर 1956 पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. इथे मराठी माणूस दिवसातून दहा वेळा हिंदीत शिरतो आणि बाहेर येतो, त्याला त्याचं काही वाटत नाही. पुण्या-मुंबईच्या नाटककाराने असा मुसलमान उस्ताद लिहिला असता तर कदाचित तो उसना वाटला असता. दारव्हेकरांचा खाँसाहेब अहंकारी आहे, पण हास्यास्पद नाही. त्याच्या मराठीत अडखळणं नसून ऐट आहे.

त्या भूमिकेला वसंतरावच का लागले, याचं उत्तर त्यांच्या शिक्षणात आहे. सप्रेंनंतर ते किराण्याच्या सुरेशबाबू मान्यांकडे शिकले, लाहोरला जाऊन असद अली खाँकडून मारवा घेतला, आणि मनात कायम दीनानाथ मंगेशकरांच्या तेजस्वी गायकीची ओढ बाळगली. पोटासाठी वर्षानुवर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली. त्यांचं गाणं एका घराण्याच्या चौकटीत बसत नव्हतं, आणि जाणकारांत ती अडचण मानली जाई. खाँसाहेबाच्या भूमिकेत तीच अडचण कामी आली. भानुशंकर झालेले भार्गवराम आचरेकर आखीव, घरंदाज गाणार. त्यांच्यासमोर अचानक उसळणारा, सुरांशी झुंजणारा, तानेत हमरीतुमरीवर येणारा गळा हवा होता. 'सुरत पिया की'मध्ये एकाच पदात अनेक राग येतात. तिथे वसंतराव एका रागातून दुसऱ्यात जसे जातात, त्यात विद्वत्तेचं प्रदर्शन आहेच, पण पात्राला प्रदर्शनच करायचं आहे. गायकाची खोड आणि पात्राची खोड एक झाली.

प्रयोगात सांधा निसटतो कुठे, हेही सांगायला हवं. बहुधा तो पद सुरू होण्याआधीच निसटतो. शेवटचं वाक्य बोलता बोलता नटाचा आवाज षड्जाकडे झुकायला हवा. ऑर्गनवाल्याने सूर इतका हळू द्यायचा की प्रेक्षकाला कळू नये, आणि बोलणं संपून गाणं कधी सुरू झालं तेही कळू नये. नट सूर मिळेपर्यंत घुटमळला, की पात्र गेलं आणि गायक आला. दुसरी जागा तानेची. तान कोणत्या अक्षरावर घ्यायची यात अर्थाचा कस लागतो. जोडाक्षरावर किंवा क्रियापदाच्या मधोमध तान घेतली तर वाक्य तुटतं. तिसरी अडचण स्वराची. बाई आणि पुरुष एकाच प्रवेशात गाणार असतील तर दोघांची पट्टी वेगळी, म्हणून कुणाला तरी तडजोड करावी लागते. खाँसाहेबांची मुलगी झरीना करणाऱ्या फैयाज वसंतरावांसमोर उभ्या राहिल्या, त्यात केवळ गळ्याची तयारी नव्हती. समोरचा गात असताना ऐकण्याचा अभिनय करणं, हे त्याहून अवघड काम. संगीत नाटकात निम्मा वेळ नट ऐकतच असतो, आणि हौशी प्रयोगांत नेमकं तिथेच सगळं सैल पडतं.

वसंतराव 1983 साली गेले. पुढे त्यांचे नातू राहुल देशपांडे खाँसाहेब म्हणून उभे राहिले. 2015 मध्ये सुबोध भावे यांनी चित्रपट केला, तेव्हा पडद्यावर खाँसाहेब होते सचिन पिळगांवकर आणि आवाज राहुल यांचा. पंडितजींच्या भूमिकेत शंकर महादेवन स्वतः गायले आणि वावरले. रंगमंचावरचा सगळ्यात कठीण प्रश्न, म्हणजे ख्याल गाऊ शकणारा नट आणायचा कुठून, तो पार्श्वगायनाने सुटला. चित्रपटाला ते चालतं. रंगमंचावर मात्र खाँसाहेबाची धाप, सम गाठताना ताणलेली मान आणि तान संपताच सदाशिवकडे वळलेली नजर हे सगळं एकाच शरीराचं लागतं. म्हणूनच हे नाटक पुन्हा करायला निघालेली प्रत्येक मंडळी नेपथ्य आणि तारखांच्या आधी त्या एका माणसाच्या शोधात असते.